कांदा किती वाचला, ते आधी लिहा: सांख्यिकी निष्कर्ष शब्दांत कसे मांडायचे

नाशिककडच्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांतले प्रबंध चाळले की ‘निष्कर्ष’ प्रकरणात हे वाक्य हटकून भेटतं: ‘टी-टेस्टनुसार पारंपरिक व सुधारित कांदा चाळींतील वजनघटीत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळून आला (p < ०.०५).’ वाक्यात चूक काही नाही, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. विंचूरच्या एखाद्या शेतकऱ्याला ते वाचून दाखवलं तर तो दोनच प्रश्न विचारेल. किती फरक? आणि तेवढा नक्की का? निष्कर्षांतल्या प्रत्येक मुख्य वाक्याने याच दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. पहिलं उत्तर म्हणजे परिणामाचं आकारमान आणि दुसरं म्हणजे अनिश्चितता. पी-मूल्य दोहोंपैकी एकाचंही उत्तर थेट देत नाही.

हा लेख पहिल्यांदाच निष्कर्ष लिहायला बसलेल्यांसाठी आहे. टी-टेस्ट करून झाली आहे, आकडे समोर आहेत आणि आता वाक्यं लिहायची आहेत, असं धरून चालू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उदाहरण एकच घेतलंय. त्यातले आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्याही खऱ्या पाहणीतले नाहीत, तेव्हा ते कुठे उद्धृत करू नका.

उदाहरण

निफाड, येवला आणि चांदवड तालुक्यांतल्या ४० चाळी घेतल्या. २० पारंपरिक, म्हणजे जमिनीलगतच्या. २० सुधारित, म्हणजे तळ उंचावर आणि खालून हवा खेळणारी. प्रत्येक चाळीत उन्हाळ कांद्याच्या ढिगात वजन करून जाळीच्या ५ पिशव्या ठेवल्या. चार महिन्यांनी पिशव्या काढल्या, सडका आणि कोंब फुटलेला माल बाजूला केला आणि विकण्याजोगा कांदा पुन्हा तोलला. कमी भरलेलं वजन म्हणजे घट. पारंपरिक चाळींत सरासरी घट ३४.२ टक्के आली, प्रमाण विचलन ८.०. सुधारित चाळींत सरासरी २८.१ टक्के, प्रमाण विचलन ७.५. टी-टेस्टचं पी-मूल्य ०.०१७.

पहिली पायरी: मोजलेली गोष्ट कोणती आणि ती कितीदा मोजली

वाक्य लिहिण्याआधी हे तपासाच, कारण इथे घसरलात तर पुढचं सगळं वाक्य खोटं ठरतं. पिशव्या एकूण २०० आहेत, पण तुलना चाळींची आहे. एकाच चाळीतल्या पाच पिशव्या एकाच छपराखाली, एकाच शेतकऱ्याच्या कांद्यात आणि एकाच हवेत असतात. त्या एकमेकींसारख्या वागणारच. त्यांना पाच स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. म्हणून आधी प्रत्येक चाळीची सरासरी काढायची आणि मग त्या ४० आकड्यांवर टी-टेस्ट करायची, आरमध्ये अशी:

```
chali <- aggregate(ghat ~ chal_no + prakar, data = pishvya, FUN = mean)
t.test(ghat ~ prakar, data = chali)
```

पिशव्याच सरळ मोजल्या तर काय होतं ते पाहा. पिशव्यांचं प्रमाण विचलन १० च्या आसपास असेल तर फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ३.३ ते ८.९ असा येतो. चाळींवर काढला तर तो १.१ ते ११.१ येतो. पहिला दिसायला छान आटोपशीर आहे, पण तो आटोपशीरपणा उसना आहे. हे ओळखायची खूण म्हणजे आउटपुटमधला `df`. चाळींच्या तुलनेत तो ३८ च्या जवळपास असायला हवा. तिथे १९८ च्या आसपासचा आकडा दिसला की पिशव्याच मोजल्या गेल्या आहेत, हे समजा. दुसऱ्याचा प्रबंध तपासतानाही मी सर्वात आधी हाच आकडा शोधतो.

दुसरी पायरी: फरक त्याच्या स्वतःच्या एककात लिहा

‘घट ६.१ टक्क्यांनी कमी झाली’ असं लिहिलं की घोटाळा सुरू होतो. ३४.२ वरून २८.१ म्हणजे वजाबाकी ६.१ ची. पण ३४.२ च्या तुलनेत पाहिलं तर ती सुमारे १८ टक्क्यांची कपात आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्हीपुढे ‘टक्के’च लिहिलं जातं. १८ चा आकडा भारदस्त दिसतो म्हणून तोच सारांशात जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं, शंभर क्विंटलांमागे अठरा क्विंटल वाचले. त्यातून ‘घटीत घट’ अशी उलटसुलट रचना आली की वाचकाला कांदा वाढला की कमी झाला हेच कळत नाही.

सोपा उपाय असा की उरलेला कांदा लिहा, आणि तो क्विंटलांत लिहा:

‘चाळीत भरलेल्या दर १०० क्विंटलांमागे चार महिन्यांनी पारंपरिक चाळींत सरासरी ६५.८ क्विंटल, तर सुधारित चाळींत ७१.९ क्विंटल विकण्याजोगा कांदा उरला. म्हणजे सुधारित चाळींत सरासरी ६.१ क्विंटल जास्त.’

दोन्ही सरासऱ्या दिल्या, दिशा सांगितली, फरक सांगितला. ज्याला १८ टक्के काढायचे असतील तो यातून काढू शकतो. उलट फक्त १८ टक्के दिले असते तर त्यातून ६.१ कुणालाच काढता आले नसते. सापेक्ष टक्केवारी द्यायची असेल तर ती मूळ आकड्यांच्या सोबतीनेच द्यावी.

दशांश स्थळांचं एवढंच सांगतो: सॉफ्टवेअर ६.०९८७ दाखवतं म्हणून तसं लिहू नका. तराजू आणि पिशव्या तितक्या नेमक्या नसतात, एक दशांश पुरे. आणि आर वापरत असाल तर चिन्ह तपासा. तिथे गट वर्णानुक्रमे लागतात आणि पहिल्यातून दुसरा वजा होतो. गटांची नावं `paramparik` आणि `sudharit` असतील तर अंतराल धन येईल. वेगळ्या नावांमुळे गटांचा क्रम उलटला तर तोच अंतराल ऋण होऊन समोर येईल.

तिसरी पायरी: अंतराल काढा आणि तो वाचायला शिका

आरमध्ये `t.test` अंतराल आपोआप देतं. एक्सेलमध्ये मात्र बहुतेक जण इथेच अडतात. `T.TEST` फक्त पी-मूल्य देतं. ‘डेटा ॲनालिसिस’मधल्या असमान व्हेरियन्सच्या, म्हणजे वेल्च टी-टेस्टच्या तक्त्यात सरासऱ्या, व्हेरियन्स, टी आणि पी सगळं असतं, पण फरकाचा अंतराल नसतो. तो त्याच तक्त्यातून हाताने काढायचा:

```
(x1 - x2) ± t_crit * sqrt(v1/n1 + v2/n2)
6.1 ± 2.024 * sqrt(64/20 + 56.25/20)
6.1 ± 5.0
```

२.०२४ हा आकडा तक्त्यात `t Critical two-tail` समोर मिळतो. उत्तर १.१ ते ११.१. `CONFIDENCE.T` च्या नादी लागू नका. ते एका गटाच्या सरासरीच्या अंतरालाची निम्मी रुंदी देतं, आपल्याला दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा अंतराल हवा आहे.

आता या अंतरालाचं वाक्य. ‘खरा फरक १.१ ते ११.१ यांत असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ हे सर्रास लिहिलं जातं, पण या पद्धतीने काढलेल्या अंतरालाचा अर्थ तसा होत नाही. ९५ टक्के ही कामाच्या रीतीची खात्री आहे. अशीच निवड, अशीच मोजणी पुन्हा पुन्हा करून दर वेळी अंतराल काढला, तर त्यातले शंभरातले साधारण ९५ खऱ्या फरकाला पोटात घेतील. आपल्या हातातला एक अंतराल त्या ९५ मधला आहे की उरलेल्या पाचातला, हे आपल्याला कळत नाही. हा तपशील प्रत्येक वाक्यात उगाळायची गरज नाही. असं लिहिलं तरी चालतं:

‘या आकडेवारीशी १०० क्विंटलांमागे साधारण १ क्विंटलापासून ११ क्विंटलांपर्यंतचा फायदा सुसंगत ठरतो (९५ टक्के विश्वास-अंतराल १.१ ते ११.१).’

‘सुसंगत’ हा शब्द जेवढं माहीत आहे तेवढंच बोलतो. एक क्विंटल आणि अकरा क्विंटल या दोन टोकांत केवढं अंतर आहे हेही वाचकाच्या लगेच ध्यानात येतं. ‘लक्षणीय’ म्हणून थांबलो असतो तर ते झाकूनच राहिलं असतं.

अंतराल कशाबद्दल बोलत नाही, तेही ओळखून असा. तो फक्त या ४० चाळींऐवजी दुसऱ्या ४० निवडल्या असत्या तर आकडे किती हलले असते, एवढंच सांगतो. तराजू शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल, किंवा एकाच वर्षाचा पावसाळा मोजला असेल, तर ती अनिश्चितता त्यात आलेली नाही. ती वेगळ्या वाक्यात लिहावी लागते.

चौथी पायरी: सरासरीची अनिश्चितता आणि चाळीचाळीतला फरक वेगळे ठेवा

नवख्यांचीच काय, जुन्या जाणत्यांचीही गल्लत इथे होते. ‘१ ते ११ क्विंटल’ वाचून शेतकऱ्याला वाटतं, मी सुधारित चाळ बांधली तर मला निदान एक क्विंटल तरी मिळणारच. तसं मुळीच नाही. १.१ ते ११.१ हा अंतराल सरासरीतल्या फरकाचा आहे. एकेका चाळीचं नशीब त्याहून कितीतरी अधिक वरखाली होतं, आणि ते प्रमाण विचलनात दिसतं. पारंपरिक चाळींची घट सरासरीपासून साधारण ८ टक्के इकडेतिकडे आहे, सुधारित चाळींचीही जवळपास तेवढीच. म्हणजे दोन्ही गट एकमेकांत चांगलेच मिसळलेले आहेत. काही पारंपरिक चाळींत काही सुधारित चाळींपेक्षा जास्त कांदा टिकला आहे.

हे शब्दांत सांगायची एक सोपी रीत आहे आणि ती आपल्याकडे फारशी वापरली जात नाही. प्रत्येक पारंपरिक चाळीची जोडी प्रत्येक सुधारित चाळीशी लावा. २० गुणिले २० म्हणजे ४०० जोड्या. त्यांतल्या किती जोड्यांत सुधारित चाळ जिंकली ते मोजा. आरमध्ये हाताने मोजावं लागत नाही. `wilcox.test(ghat ~ prakar, data = chali)` च्या आउटपुटमधला `W` म्हणजेच पहिल्या गटाची, इथे पारंपरिक चाळीची, घट जास्त असलेल्या जोड्यांची संख्या. समजा ती २८४ आली. २८४ भागिले ४०० म्हणजे ०.७१. मग वाक्य असं:

‘दोन्ही प्रकारांतली एकेक चाळ चिठ्ठी टाकून निवडली, तर सुमारे १०० पैकी ७१ वेळा सुधारित चाळीत जास्त कांदा टिकलेला दिसेल, २९ वेळा पारंपरिक चाळीत.’

या वाक्यावर मार्गदर्शक कधी कधी नाराज होतात, कारण २९ चा आकडा कामाचा दिमाख कमी करतो. माझ्या मते तो राहू द्यावा. ज्याच्या चाळीत उलटं झालं तो शेतकरी तुमच्या अहवालावर विश्वास ठेवेल तो त्या २९ मुळेच.

कोहेनचा डी याच मिसळणीची दुसरी मोजणी आहे: फरकाला एकत्रित प्रमाण विचलनाने भागायचं. इथे ६.१ भागिले ७.७५, म्हणजे ०.७९. वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे अभ्यास एकत्र आणणाऱ्यांना तो लागतो, म्हणून कंसात द्या. पण ‘०.८ च्या जवळ, म्हणून परिणाम मोठा’ असं लिहून मोकळं होऊ नका. ०.२ लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा ही विभागणी दुसरं काहीच हाताशी नसताना वापरायची आहे. आपल्याकडे क्विंटल आहेत.

पाचवी पायरी: किती फरक कामाचा, हे आधी ठरवा

मोठा की लहान हे आकड्याला विचारून कळत नाही, चाळ बांधणाऱ्याला विचारून कळतं. आकडेवारी उघडण्याआधी शेतकऱ्यांशी बोलून एक उंबरठा ठरवा आणि तो ‘पद्धती’ प्रकरणात लिहून ठेवा. समजा असं ठरलं की जादा बांधणीखर्च भरून निघायला १०० क्विंटलांमागे निदान ३ क्विंटल जास्त टिकायला हवेत. आता १.१ ते ११.१ हा अंतराल त्या उंबरठ्यापाशी ठेवून पाहा. शून्य अंतरालाबाहेर आहे, म्हणून पी-मूल्य ०.०५ च्या खाली आलं. पण ३ अंतरालाच्या आत आहे. तेव्हा प्रामाणिक वाक्य असं होतं:

‘सरासरी फायदा ३ क्विंटलांच्या उंबरठ्याच्या दुप्पट असला, तरी त्याहून कमी फायद्याची शक्यता ही आकडेवारी नाकारत नाही.’

‘लक्षणीय फरक’ आणि ‘खर्च निघेल असा फरक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे आकड्यांतच दिसतं. पिशव्या मोजून आलेला तो खोटा अंतराल आठवा. ३.३ ते ८.९. तो अख्खा ३ च्या वर होता. पहिल्या पायरीवरची चूक थेट शिफारशीपर्यंत कशी पोचते, ते यात आलं. रुपयांचा हिशेब मात्र ‘चर्चा’ प्रकरणात न्या. लासलगावचा भाव निष्कर्ष लिहून होईपर्यंत बदललेला असतो.

सहावी पायरी: जिथे फरक ‘आला नाही’

याच चाळींत कोंब फुटलेला कांदा वेगळा तोलला. १०० क्विंटलांमागे पारंपरिक चाळींत ६.० क्विंटल, सुधारितमध्ये ४.८. फरक १.२, अंतराल उणे १.० ते अधिक ३.४, पी-मूल्य ०.२८. यावर बहुतेक जण लिहितात: ‘कोंब फुटण्याच्या बाबतीत दोन्ही चाळींत काहीही फरक नाही.’ पण अंतराल तसं म्हणत नाही. सुधारित चाळीत एक क्विंटल जास्त कोंब फुटण्यापासून ते साडेतीन क्विंटल कमी फुटण्यापर्यंत काहीही असू शकतं, एवढंच तो सांगतो. साडेतीन क्विंटल कांदा कुणी फेकून देत नाही. म्हणून:

‘कोंब फुटलेला कांदा सुधारित चाळींत सरासरी १.२ क्विंटल कमी होता, पण अनिश्चितता मोठी आहे (अंतराल १.० क्विंटल जास्त ते ३.४ क्विंटल कमी). चाळीच्या प्रकाराने कोंब फुटण्यावर परिणाम होतो की नाही, हे या आकडेवारीवरून ठरवता येत नाही.’

वाक्यात ऋण चिन्ह टाळून ‘जास्त ते कमी’ असं लिहिलंय, तेही मुद्दाम. ‘-१.० ते ३.४’ वाचताना आडवी रेघ नजरेतून निसटते. ‘फरक लक्षणीय नसला तरी कल सकारात्मक दिसतो’ हे वाक्यही खोडा. मनासारखं पी आलं की ‘फरक’ म्हणायचं आणि नाही आलं की ‘कल’, ही सवय परीक्षक लगेच ओळखतात.

सातवी पायरी: ‘मुळे’ कधी लिहायचं

आपल्या उदाहरणात कोणाला कुठली चाळ मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्यांनी सुधारित चाळ बांधली, त्यांनी कदाचित कांदाही नीट सुकवला असेल, मान ठेवून कापला असेल, पाणी वेळेवर तोडलं असेल. तेव्हा ‘सुधारित चाळीमुळे ६.१ क्विंटल वाचले’ असं लिहायचा अधिकार या आकडेवारीला नाही. ‘सुधारित चाळींत ६.१ क्विंटल जास्त उरले’ इथवरच जा. चिठ्ठीने वाटप केलं असतं तर ‘मुळे’ चाललं असतं. अंतराल कितीही अरुंद आला तरी हा नियम बदलत नाही.

सगळं जोडून

मुख्य निष्कर्षाचा परिच्छेद असा होईल:

‘चार महिन्यांच्या साठवणीनंतर दर १०० क्विंटलांमागे पारंपरिक चाळींत (२० चाळी) सरासरी ६५.८ क्विंटल (प्रमाण विचलन ८.०) आणि सुधारित चाळींत (२० चाळी) ७१.९ क्विंटल (प्रमाण विचलन ७.५) विकण्याजोगा कांदा उरला. सुधारित चाळींत सरासरी ६.१ क्विंटल जास्त उरले. साधारण १ ते ११ क्विंटलांपर्यंतचा फरक या आकडेवारीशी सुसंगत आहे (९५ टक्के विश्वास-अंतराल १.१ ते ११.१; वेल्च टी-टेस्ट, t = २.४९, df = ३७.८, p = ०.०१७, कोहेनचा डी ०.७९). चाळीचाळीत मोठी तफावत होती: चिठ्ठीने निवडलेल्या दोन चाळींपैकी सुधारित चाळीत जास्त कांदा टिकण्याचं प्रमाण १०० त ७१ होतं. आधी ठरवलेल्या ३ क्विंटलांच्या उंबरठ्यापेक्षा सरासरी फरक जास्त आहे, पण त्याहून कमी फरक नाकारता येत नाही.’

चाचणीचं नाव, टी आणि पी हे सगळं कंसात गेलं, हे पाहिलंत? कंस झाकून परिच्छेद वाचा. तरीही अर्थ पूर्ण लागला पाहिजे. पी-मूल्य नेमकं द्या, ‘०.०५ पेक्षा कमी’ असं नको. सॉफ्टवेअरने ०.००० दाखवलं तर ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा, कारण ते शून्य पुढचे दशांश तोडल्यामुळे दिसतं.

सारांश लिहिताना जागा कमी असते आणि पहिली कुऱ्हाड अंतरालावर पडते. तिथे टी आणि डी काढून टाका, पी सुद्धा गेलं तर हरकत नाही, पण ‘६.१ क्विंटल (१.१ ते ११.१)’ एवढं राहू द्या. बहुतेक लोक तेवढंच वाचणार आहेत.